ओळंबा कुठे पडतो
(जुनी वस्ती आणि ले-आऊट यांच्या ओळखीविषयीच्या टिपणांची प्रस्तावना)

वणीच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत मी खिशातून ओळंबा काढून उभा होतो. वरच्या लाकडी गॅलरीतून एक आजी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “काय मोजून रायला बाबू? रस्ता वाढवता काय?” रस्त्याचं काही नाही, तुमच्या गॅलरीची कड खाली कुठे येते एवढंच बघायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी कठड्याच्या कडेला दोरी धरली, मी खाली टोक स्थिर होऊ दिलं. ओळंबा घराच्या ओट्यावर पडला नाही, पायरीवरही पडला नाही. भिंतीपासून अडीच फूट पुढे, नगरपालिकेच्या नालीच्या अगदी मधोमध तो लोंबत राहिला. आजी ज्या फळ्यांवर उभ्या होत्या, त्यांच्याखालची जमीन त्यांच्या घराची नव्हती. ती गावाची होती.

त्याच आठवड्यात यवतमाळला वाघापूरकडच्या एका ले-आऊटमध्ये मी हाच प्रयोग केला. तिथे ओळंबा फाटकाच्या आत, तुळशीवृंदावनाजवळच्या फरशीवर पडला. त्यापुढे सहा-सात फूट अंगण होतं, मग कंपाउंडची भिंत, मग नाली आणि मग रस्ता. गॅलरी रस्त्याकडे तोंड करून होती, पण रस्त्यापर्यंत पोचत नव्हती.

भूमी अभिलेखाच्या कामात भूकरमापक म्हणून माझी उमेदीची वर्षं जिल्ह्यातल्या गावांत गेली. पुढच्या पानांतली टिपणं त्या काळातली आणि निवृत्तीनंतरच्या फेऱ्यांतली आहेत. एखाद्या गल्लीत उभं राहून, कुणाला काही न विचारता, ही वस्ती आपोआप वाढलेली की कागदावर आधी आखून मग बसवलेली, हे कसं ओळखायचं एवढाच त्यांचा विषय आहे. त्यासाठी मी तीन गोष्टी बघतो: घरांची दाटी, रस्त्याची रुंदी आणि गॅलरीची घडण. पण या तिन्ही वेगवेगळ्या बघितल्या तर फसायला होतं. ओळंबा त्यांना एकत्र बांधतो, कारण घर आणि रस्ता यांच्यामधली जागा कुणाची आहे, हा या तिन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न तो थेट विचारतो.

आधी रुंदीचं बोलू. बहुतेक लोक रस्त्याची रुंदी म्हणजे डांबराची रुंदी धरतात आणि तिथेच चूक होते. रुंदी मोजायची ती भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. जुन्या गल्लीत ही दोन मापं जवळजवळ सारखी येतात, कारण भिंत संपली की ओटा आणि ओटा संपला की गल्ली. ले-आऊटमध्ये मात्र डांबर जेमतेम 12 फूट असतं, मंजूर नकाशात रस्ता 9 मीटर म्हणजे साधारण 30 फूट असतो आणि दोन्हीकडची समोरची मोकळी जागा धरली की भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर 50 फुटांच्या घरात जातं. हे 9 मीटर कुणाच्या मनाचे नाहीत. ले-आऊटमधला अंतर्गत रस्ता लहान असेल तर 9 मीटर आणि लांबी वाढली की 12 मीटर, असं नियमावलीतच दिलेलं असतं. त्यामुळे आखलेल्या वस्तीतल्या रुंदीला पायऱ्या असतात. 30 फुटांचा रस्ता थेट 40 फुटांच्या रस्त्याला मिळतो, मधलं माप सापडत नाही. जुन्या गल्लीची रुंदी दर दहा पावलांवर बदलते. सुरुवातीला 11 फूट, विहिरीपाशी 16, वळणावर 7, आणि पुन्हा 10. ती पट्टीने कुणी ठरवलेली नाही. भरलेली बैलगाडी निघाली पाहिजे आणि दोन घरांच्या पागोळ्या एकमेकींच्या अंगावर पडू नयेत, एवढ्या दोन गरजांतून ती उरली आहे.

रुंदीचा अर्थ लागतो तो उन्हात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणोत्तर जाणारी 10 फुटी गल्ली आणि दोन्हीकडे 22 फूट उंचीची दुमजली घरं धरा. तिथे जमिनीला ऊन लागतं ते साधारण साडेदहा ते दोन, एवढाच वेळ. बाकीचा दिवस गल्ली सावलीत असते. हीच घरं 50 फूट अंतरावर समोरासमोर ठेवली, की सकाळी आठच्या आतच ऊन रस्त्यावर उतरतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत हलत नाही. म्हणून जुन्या वस्तीत दुपारी ओट्यावर माणसं दिसतात. ले-आऊटमध्ये तीच माणसं आत असतात आणि बाहेर फक्त कूलरचा आवाज येतो. मोजपट्टी नसेल तर मे महिन्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास अशा दक्षिणोत्तर गल्लीत जा आणि सावलीची कड कुठे आहे ते बघा. ती समोरच्या भिंतीवर चढलेली असेल तर रस्ता घरांच्या उंचीपेक्षा अरुंद आहे.

दाटीचा हिशोब मी गुंठ्याने करतो, कारण आमची साखळी 33 फुटांची होती आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता असा एक एकर जुन्या वस्तीतला घ्या. गल्ल्या-बोळांत सुमारे 15 टक्के जागा जाते. उरलेल्या जागेत 15 फूट दर्शनी रुंदीची आणि 60 फूट खोलीची, म्हणजे 900 चौरस फुटांची घरं मांडली, तर 41 घरं बसतात. ही घरं लांबट असतात, मधे एक छोटा चौक आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. आता तोच एकर ले-आऊटचा धरा. 10 टक्के खुली जागा सोडा, रस्त्यांत पंचवीस-अठ्ठावीस टक्के घाला. उरलेल्या जागेत 1,500 फुटांचे 18 प्लॉट निघतात. त्यातही प्रत्येक प्लॉटचा निम्म्याच्या आसपास भाग बांधलेला, बाकी मोकळा. एकेचाळीस आणि अठरा, हा झाला दाटीचा फरक. पण घरं मोजून काम पुरं होत नाही. जुन्या वाड्याच्या दारात उभं राहून विजेचे मीटर मोजा. वाटण्या होत गेल्या तशा चुली वाढल्या, आणि चूल वेगळी झाली की मीटर वेगळा झाला. एका दारात पाच मीटर दिसले की ते एक घर नसून पाच घरं आहेत.

आता गॅलरी. या टिपणांतला मोठा भाग तिचाच आहे, कारण रुंदी आणि दाटी नकाशावरही कळतात, गॅलरी मात्र जाऊनच बघावी लागते. आपल्याकडे सागवान मुबलक होतं. वणी, पांढरकवडा, घाटंजीच्या जंगलांतलं लाकूड जिल्ह्यातल्या घराघरांत आहे. जुन्या घरात माडीची जमीन सागवानी कड्यांवर तोललेली असते, आणि गॅलरी म्हणजे त्याच कड्या भिंतीतून आणखी अडीच-तीन फूट बाहेर येऊ दिलेल्या. म्हणून खालून बघितलं की फूट-दीड फुटावर कड्यांची टोकं दिसतात, काही ठिकाणी त्यांना खालून तिरके टेकू असतात, आणि वर कातीव लाकडी दांड्यांचा किंवा ओतीव लोखंडी जाळीचा कठडा. ही गॅलरी अरुंदच राहते. लाकूड जितकं बाहेर काढाल तितकं आत दाबून धरायला वजन लागतं आणि तीन फुटांपुढे ते जमत नाही. शिवाय समोरचाही आपली गॅलरी काढणार असतो. दहा फुटी गल्लीत दोन्हीकडून अडीच-अडीच फूट निघाले की मधे पाच फूट आभाळ उरतं. वणीच्या त्या आजी म्हणाल्या होत्या, “हे गॅलरी हाय म्हणून त समोरच्या घरची वाटी इकडं येते.” मी ते पाहिलं. समोरच्या सूनबाईंनी हात लांब केला, आजींनी हात लांब केला, आणि विरजणाची वाटी गल्लीच्या वरून पलीकडून अलीकडे आली.

ले-आऊटमधली गॅलरी स्लॅबची असते. तिच्या खालचा भाग सपाट, गिलावा केलेला, कड्यांची टोकं नाहीत. रुंदी चार-पाच फूट, म्हणजे तिथे खुर्ची टाकून बसता येतं. पण ती आपल्याच प्लॉटमधल्या मोकळ्या जागेवर झुकते. समोरच्या गॅलरीशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. म्हणूनच तिथे गॅलरीचं काम बदललं आहे. कपडे वाळत घालायला, कुंड्या ठेवायला आणि अलीकडे अॅल्युमिनियमच्या चौकटीत काचा लावून खोली वाढवायला ती वापरली जाते. कठड्यावरून साधारण काळही सांगता येतो. सिमेंटची जाळी सगळ्यांत आधीची, मग चौकोनी सळयांची ग्रिल, आणि आता स्टीलचे चकचकीत पाइप किंवा काच. मात्र कठडा हा घराचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे, म्हणून त्याच्यावर एकट्यावर मी कधी विसंबत नाही.

त्याऐवजी गॅलऱ्यांची ओळ बघावी. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एक डोळा मिटा आणि सगळ्या गॅलऱ्यांच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहा. जुन्या वस्तीत त्या पुढे-मागे, वर-खाली असतात, कारण प्रत्येक घर आपल्या काळात, आपल्या ऐपतीप्रमाणे उठलं. ले-आऊटमध्ये प्रत्येक गॅलरीची तऱ्हा वेगळी, रंग वेगळा, पण समोरची रेषा सारखी, कारण समोरचं अंतर सगळ्यांना एकच सोडावं लागतं. आणि जिथे घडणही एक आणि रेषाही एक, तिथे बांधणारा मालक एकच असतो. वणीजवळ वेस्टर्न कोलफिल्ड्सची भालर टाउनशिप बघा. तिथे एका इमारतीची गॅलरी पाहिली की बाकीच्या पाहायची गरज राहत नाही.

इथवर सगळं सरळ वाटेल. खरं काम सुरू होतं ते खुणा एकमेकींच्या विरुद्ध बोलायला लागल्यावर. असं एक ठिकाण मी सविस्तर सांगतो. यवतमाळ शहराच्या मध्यभागातला एक बाजाररस्ता आहे. सरळ, चाळीस फूट रुंद, दोन्हीकडे तीन-चार मजली इमारती, स्लॅबच्या गॅलऱ्या, स्टीलचे कठडे. बाहेरून आलेल्या माणसाला फोटो दाखवला तर तो नवी वस्ती म्हणेल. मी तिथे पहिल्यांदा ओळंबा सोडला. तो दुकानाच्या पायरीपुढे, फुटपाथवर पडला. म्हणजे मोकळी जागा सोडलेली नाही, गॅलरी रस्त्यावरच आहे. हे ले-आऊटचं लक्षण नव्हे. मग इमारतींच्या मधल्या फटी शोधल्या. फटी नव्हत्या. भिंतीला भिंत लागून होती, म्हणजे दर्शनी भाग नवा असला तरी जागेचे तुकडे जुने. दर्शनी रुंदी पावलांनी मोजली, तर 14 फूट, 17 फूट, 12 फूट. आखलेला प्लॉट असा वेडावाकडा नसतो. तो 30 किंवा 40 फुटांचा असतो आणि शेजारचाही तेवढाच. शेवटी बाजूच्या बोळीत शिरलो. बोळी सहा फुटांची. तिथून त्याच इमारतीची बगल दिसली. पुढचे वीस फूट सिमेंट आणि त्यामागे विटा-मातीची जुनी भिंत, वर कवेलू, आणि पहिल्या मजल्याच्या उंचीवर एका ओळीत बुजवलेली चौकोनी भोकं. जुन्या कड्या तिथून बाहेर येत होत्या. म्हणजे रस्ता कधीतरी रुंद झाला, घरांचे पुढचे खण कापले गेले, आणि कापलेल्या तोंडावर नवं बांधकाम आलं. वस्ती जुनीच. फक्त तिचा चेहरा बदललेला.

ही फसगत यवतमाळमध्ये जास्त होते आणि त्याला कारण आहे. यवतमाळ हे वणी-दारव्ह्यासारखं आधीपासून मोठं गाव नव्हतं. इंग्रजी अमलात जिल्ह्याला आधी वणीचंच नाव होतं. 1905 साली पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा या नावाने तो उभा राहिला. त्याच सुमाराला मूर्तिजापूरहून नॅरोगेज रेल्वे आली, जिला आपण शकुंतला म्हणतो, आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची गजबज वाढली. तेव्हा यवतमाळात गल्ल्यांच्या गावठाणाशेजारीच कचेऱ्यांचा, बंगल्यांचा, रुंद रस्त्यांचा भाग आखून बसवला गेला. सिव्हिल लाइनमध्ये फिरताना दाटी कमी, रस्ता रुंद, झाडं मोठी, आणि गॅलरी मुळात नाहीच. आहे तो भोवतालचा व्हरांडा, तोही जमिनीवरच. हे आखीव आहे, पण नवं नाही. शहराच्या कित्येक ‘जुन्या’ वाटणाऱ्या घरांपेक्षा त्याचं वय जास्त आहे. म्हणून टिपणांत मी ‘जुनी’ आणि ‘नवी’ हे शब्द शक्यतो टाळले आहेत. ‘वाढलेली’ आणि ‘आखलेली’ हे शब्द वापरले आहेत. नकाशावरही असंच दिसतं. विदर्भात नझुलाच्या जमिनीची शीट आणि गावठाणाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला की एका कागदावर सरळ रेषा आणि दुसऱ्यावर वाकड्यातिकड्या हद्दी येतात.

उलट फसगतही होते. ले-आऊटमधून जाता जाता एकदम गल्ली आकसते, रस्ता वळतो, घरं एकमेकांना चिकटतात, मारुतीचं देऊळ आणि पार दिसतो. आपण शहराबाहेरून शहरात आलो असं वाटतं, पण ते उमरसरा, लोहारा किंवा वडगावसारख्या गावाचं गावठाण असतं. शहर वाढलं, शेतांचे ले-आऊट झाले आणि गाव मधेच अडकलं. अशा ठिकाणी गॅलऱ्या क्वचितच मिळतात. शेतकऱ्याचं घर एकमजली, पुढे ओसरी, बाजूला गोठा. दाटी आणि रुंदी वस्ती वाढलेली असल्याचं सांगतात, आणि गॅलरी नसणं ती वस्ती बाजाराची नसून शेतीची असल्याचं सांगतं. बेंबळा प्रकल्पासारख्या धरणांमुळे उठलेल्या गावांच्या पुनर्वसनात याच्या उलट दिसतं. रस्ते काटकोनात, रुंद, प्लॉट मोजून दिलेले, आणि घरं मात्र ओसरीची, गुरांची. आखणी सरकारची आणि राहणी गावाची.

सर्वांत अवघड ओळख गुंठेवारीची. तिथे रेषा सरळ असतात, म्हणून लांबून ले-आऊट वाटतो. पण शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकताना रस्ता जितका कमी सोडता येईल तितका सोडलेला. दहा-बारा फूट. खुली जागा नाही. घर प्लॉटभर, आणि वर स्लॅबची गॅलरी. ओळंबा सोडलात तर तो पुन्हा रस्त्यावर पडतो, अगदी वणीच्या गल्लीसारखा. मग ही वाढलेली वस्ती का म्हणायची नाही? कारण रुंदी सगळीकडे एकच आहे. बदल नाही, वळण नाही, विहीर नाही, पार नाही. 2001 साली कायदा करून अशा वस्त्या नियमित करण्याची सोय झाली, तरी सोडलेला दहा फुटी रस्ता नंतर तीस फुटी होत नाही. टिपणांत या वस्त्यांना मी वेगळा रकाना दिला आहे. त्यांना दोन्हींपैकी एकात ढकललं तर राहणाऱ्यांच्या अडचणींची नोंदच होत नाही, आणि अग्निशमनाची गाडी किंवा अँब्युलन्स तिथल्या अरुंद रस्त्यावर अडते तेव्हा ती अडचण खरी असते.

एक खूण अलीकडे वाढते आहे, तिची सवय डोळ्याला लावून घ्यावी. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत नवं घर बांधायचं तर गल्लीच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे सरावं लागतं. एकेक घर पाडून नवं होतं तसं ते मागे जातं, शेजारचं जुनं पुढेच राहतं. त्यामुळे गल्लीची कड करवतीच्या दात्यांसारखी होते. नव्या घराचा ओळंबा आत, जुन्याचा बाहेर. जुनी घरं सगळी पडेपर्यंत अशी गल्ली ना पूर्वीसारखी सावली देते, ना सलग रुंद होते. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, सगळीकडे मला ती दिसली. अशा गल्लीत मागे गेलेली आणि पुढे राहिलेली घरं मी वेगवेगळी मोजली आहेत आणि प्रत्येक टिपणाच्या शेवटी आकडा दिला आहे, म्हणजे दहा वर्षांनी कुणी पुन्हा गेलं तर त्याला ताडून बघता येईल.

टिपणं वणीपासून सुरू होतात. पहिल्या पानावर आजींच्या घराचा कच्चा नकाशा आहे. दर्शनी 15 फूट, गल्ली 10 फूट 4 इंच, गॅलरी अडीच फूट, कड्या नऊ. त्यातली डावीकडून तिसरी वाळवीने पोखरली आहे आणि तिच्याखाली घरच्यांनी लोखंडी पाइपचा टेकू उभा केला आहे. तो पाइप नालीच्या काठावर टेकलेला आहे.